आयसीडी टाकताना बरगडीची कुठली कड धरायची? छातीच्या भिंतीचे थर आणि सुरक्षित जागा

(हातात बरगडी घेऊन, कॅमेऱ्याजवळ धरून)

नमस्कार. माझ्या हातात एक बरगडी आहे, डाव्या बाजूची, साधारण मधली. तिची वरची कड बघा, गोल आणि गुळगुळीत आहे. आता उलटी करतो. खालच्या कडेला, आतल्या बाजूने, एक लांब खाच गेलेली दिसतेय. ही कॉस्टल ग्रूव्ह. आजचा सगळा विषय या खाचेत काय आहे आणि ती कुठे संपते, यावर उभा आहे.

हा व्हिडिओ एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी, इंटर्न आणि नव्या रेसिडेंटसाठी आहे. पहिली आयसीडी सिनियर शेजारी उभा असतानाच टाका. पण त्याआधी डोक्यात चित्र पक्कं हवं.

पावसात घराच्या वळचणीला तीन माणसं उभी आहेत अशी कल्पना करा. सगळ्यात आत, छपराला चिकटून, व्हेन. तिच्याखाली आर्टरी. आणि सगळ्यात खाली, जवळजवळ उघड्यावर, नर्व्ह. वरून खाली व्हेन, आर्टरी, नर्व्ह, म्हणून मुलं त्याला 'व्हॅन' म्हणतात. वळचण कुणाची? वरच्या बरगडीची. त्यामुळे दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत शिरताना आपण वरच्या बरगडीपासून लांब राहतो आणि खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून आत जातो. परीक्षेत हे वाक्य सगळे बरोबर लिहितात. कॅज्युअल्टीत, घाईत, 'वरची कड' एवढंच लक्षात राहतं आणि कुठल्या बरगडीची हे निसटतं. म्हणून मी मुलांना कड विचारतच नाही, बरगडीचा नंबर विचारतो. पाचव्या जागेत शिरताय ना? मग तुमची बरगडी सहावी. सहावीला हात लावा, तिच्यावर चढा आणि पलीकडे उतरा.

आता थर. काखेच्या रेषेत, बाहेरून आत. कातडी, मग चरबी. मग सेरेटस अँटेरियर, बरगड्यांवर बोटांसारखा चिकटलेला स्नायू. त्यानंतर खरी इंटरकॉस्टल भिंत सुरू होते. पहिला एक्स्टर्नल इंटरकॉस्टल. दोन्ही हात पॅन्टच्या पुढच्या खिशात घाला, बोटं जशी खाली आणि पुढे जातात तसे याचे धागे जातात. त्याच्या आत इंटर्नल इंटरकॉस्टल, त्याचे धागे उलट दिशेने, खाली आणि मागे. आणि त्याच्याही आत इनरमोस्ट, पातळसा थर. व्हॅन उभी असते ती या शेवटच्या दोघांच्या मध्ये. इनरमोस्ट ओलांडला की एंडोथोरॅसिक फॅशिया, आणि मग पॅरायटल प्ल्युरा. या प्ल्युराला दुखतं, फार दुखतं. भूल देताना तो विसरलात तर पेशंट टेबलवरून उठून बसेल.

हे तिन्ही स्नायू मणक्यापासून छातीच्या हाडापर्यंत अखंड नाहीत. पुढे एक्स्टर्नल संपून पडदा होतो. मागे, बरगडी जिथे वळते तिथून मणक्याकडे, इंटर्नलचा पडदा होतो आणि इनरमोस्टही संपतो. मणक्याजवळ आर्टरी अजून खाचेत पोहोचलेलीच नसते. ती जागेच्या मधोमध, उघडी चालत असते, आणि वय झालेल्या माणसात नागमोडी होते. म्हणजे पाठीत मणक्याच्या जवळ गेलात, तर 'खालच्या बरगडीची वरची कड' हा नियम पाळूनही आर्टरी सुईच्या वाटेत येऊ शकते. वळचण आहे, पण माणूस तिच्याखाली उभाच नाही. बाजूला, काखेखाली, ती नीट खाचेत बसलेली असते. सुरक्षित जागा तिथे असण्याचं हे एक मोठं कारण.

एक शंका मुलं नेहमी काढतात आणि ती बरोबर आहे. खालच्या बरगडीच्या वरच्या कडेनेही लहान फांद्या जातात ना? जातात. कोलॅटरल फांद्या. पण त्या सहसा बारीक असतात, मुख्य आर्टरीसारखा रक्तस्राव करत नाहीत. म्हणून बरगडीवरून सरकत जायचं, पण तिची कड खरवडत बसायचं नाही.

आता सुरक्षित त्रिकोण. पेशंटचा हात डोक्यामागे. पुढची बाजू म्हणजे पेक्टोरॅलिस मेजरची बाहेरची कड. मागची बाजू लॅटिसिमस डॉर्सायची पुढची कड. खालची रेघ पुरुषात स्तनाग्राच्या पातळीवर, म्हणजे साधारण पाचवी जागा. टोक काखेच्या खाली. इथे जाड स्नायू नाहीत, आणि पेशंट पाठीवर झोपला तर नळी दबत नाही. त्रिकोणातही आपण मिड-अॅक्सिलरी रेषेच्या किंचित पुढे राहतो, कारण लाँग थोरॅसिक नर्व्ह त्याच रेषेच्या आसपास सेरेटसवरून खाली उतरते.

खालच्या रेघेबद्दल मी कडक आहे. पूर्ण श्वास सोडला की डायफ्रॅमचा घुमट चौथ्या-पाचव्या जागेपर्यंत वर येतो. उजवीकडे त्याच्याखाली यकृत, डावीकडे प्लीहा. बाईमध्ये स्तनाग्रावर विसंबू नका, ते कुठेही असू शकतं. स्तनाखालची घडी बघा आणि बरगड्या मोजा. मोजणी अशी: छातीच्या हाडावर बोट खाली आणताना जो उंचवटा लागतो, तो स्टर्नल अँगल. तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते, तिच्याखाली दुसरी जागा. तिसरी, चौथी, पाचवी. बोट त्या जागेतच ठेवून बाजूला सरकवत न्या. बरगड्या तिरक्या आहेत, हवेत आडवी रेघ ओढली तर नंबर चुकतो.

रेसिडेंट असताना आमच्याकडे बाहेरून एक पेशंट आला होता, डाव्या बाजूला नळी घातलेली. नळीतून रक्त येत होतं, पण खोकायला लावलं तरी एकही बुडबुडा नाही, आणि एक्स-रेत फुप्फुस होतं तसंच मिटलेलं. सीटीत नळी डायफ्रॅमच्या खाली, प्लीहेला लागलेली दिसली. नळी कातडीवर खूप खाली घातली होती, बहुधा न मोजता. त्याला तातडीने थिएटरमध्ये न्यावं लागलं. तेव्हापासून मी मोजल्याशिवाय चाकू हातात घेत नाही.

आता एक केस, पायरीपायरीने. तपशील शिकवण्यासाठी जुळवलेत. बत्तीस वर्षांचा माणूस, वजन ६० किलो, पावसात दुचाकी घसरून पडला. डावी बाजू दुखतेय, श्वास मिनिटाला ३२, बीपी ११०/७०. डावीकडे वर टकटक केलं तर पोकळ आवाज, खाली मंद. एक्स-रेत सातवी, आठवी आणि नववी बरगडी मोडलेली, वर हवा, खाली द्रव. हिमोन्यूमोथोरॅक्स. नळी २८ फ्रेंच.

आधी एक्स-रे आणि पेशंट, दोन्हीवरची बाजू जुळवा. सिस्टरना मोठ्याने सांगा, "डावी." मग मार्कर घ्या. मोजून पाचवी जागा ठरवा, सहाव्या बरगडीवर खूण करा. ती मोडलेली नाही, बरं झालं.

भूल: एक टक्का लिग्नोकेन, किलोला ३ मिलीग्रॅम, म्हणजे ६० किलोला १८० मिलीग्रॅम, १८ मिली. कातडी, मग बरगडीवरची पेरिऑस्टियम, मग सहावीच्या वरच्या कडेवरून ओढत-टोचत प्ल्युरापर्यंत. सिरिंजमध्ये हवा किंवा रक्त येईपर्यंत जा. ते आलं, की सुई प्ल्युरल पोकळीत आहे. काहीच आलं नाही तर तिथे नळी घालू नका. जागा चुकलीय किंवा आत फुप्फुस चिकटलंय. टीबी होऊन गेलेल्या पेशंटमध्ये हे नेहमी दिसतं.

चीर बरगडीला समांतर, तीन सेंटीमीटर. मग आर्टरी फोर्सेप्सने स्नायू फाडत नाही, उघडत जा. तोंड बंद करून आत, उघडून बाहेर. प्ल्युराजवळ आलात की फोर्सेप्सच्या टोकापासून दोन-तीन सेंटीमीटरवर दुसऱ्या हाताचं बोट रोवून धरा, म्हणजे भिंत फुटल्यावर तुमचा जोर आत धावणार नाही. फट्‌ असा आवाज येईल, हवा सुटेल. आता बोट आत, पूर्ण गोल फिरवा. फुप्फुस भिंतीला चिकटलेलं नाही ना, खाली डायफ्रॅम आहे आणि पोटात नाही ना, हे बोटच सांगतं. ट्रोकार वापरू नका. टोकदार लोखंडी कांडी आत ढकलायला बोटाएवढी अक्कल नसते.

नळी फोर्सेप्सने धरून वर आणि मागे. सगळ्यात बाहेरचं छिद्र छातीच्या आतच हवं, नाहीतर हवा कातडीखाली पसरते. अंडरवॉटर सीलची नळी पाण्यात दोन सेंटीमीटर, बाटली छातीच्या खाली. श्वासाबरोबर पाणी हलायला लागलं आणि खोकल्यावर बुडबुडे आले, की टाक्याने नळी पक्की करा.

आमच्या माणसात लगेच ६०० मिली काळपट रक्त आलं, पुढे तासाला ५० च्या आत. एकदम १५०० मिली आलं असतं, किंवा तासाला २०० मिली असं दोन-चार तास चालू राहिलं असतं, तर छाती उघडायचा विचार करावा लागला असता. बघायचं ते हे: आतलं साचलेलं रक्त सहसा काळपट असतं आणि गोठत नाही. ताजं लाल, गोठणारं रक्त येत राहिलं आणि बीपी ढासळू लागलं, तर इंटरकॉस्टल आर्टरी लागली असेल, असा संशय घ्या. बुडबुडे येणारी नळी मात्र कधीही क्लॅम्प करू नका.

दुसरा एक्स-रे घ्या. नळीच्या बाजूने जाणारी पांढरी रेघ जिथे तुटलेली दिसते, ते बाहेरचं छिद्र. ते बरगड्यांच्या आत दिसलं पाहिजे.

असा पेशंट दोन आठवड्यांनी तपासायला येतो तेव्हा बऱ्याचदा सांगतो, "डॉक्टर, इथून इथपर्यंत बधीर वाटतं," आणि बोटाने काखेपासून पुढे, स्तनाग्राच्या जरा खालून एक पट्टी काढतो. ती पाचव्या इंटरकॉस्टल नर्व्हची पट्टी. जाड नळी अरुंद जागेत बसली की वळचणीच्या अगदी कडेला उभी असलेली ही नर्व्ह बरगडी आणि नळीच्या मध्ये दाबली जाते. नळी गेल्यावर बहुतेकांचा बधीरपणा हळूहळू कमी होतो, आणि हे पेशंटला नळी काढतानाच सांगून ठेवलं, तर तो घाबरत नाही.