पाचशे चाळीस लाइक, सेव्ह फक्त सहा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी जवळ आली की इन्स्टाग्राम उघडावं आणि चकल्याच चकल्या दिसाव्यात, असे दिवस असतात. घरून फराळ करून विकणाऱ्या कितीतरी बायकांचं दुकान आता तिथेच आहे. यातल्या एक ताई आपण डोळ्यासमोर आणू. त्या सोलापूरच्या आहेत असं धरू. भाजणी आणि चकल्या विकतात, घरातला कोणीतरी फोटो काढून देतो. ताई आणि त्यांचे आकडे मी आजच्या बोलण्यासाठी कल्पिले आहेत, पण असे आकडे अनेकांच्या खात्यावर दिसतात.

ताईंनी पहिली पोस्ट टाकली ती फोटोची. पितळी ताट, त्यात खमंग रंगाच्या काटेरी चकल्या, शेजारी पणती आणि झेंडूची दोन फुलं. ही पोस्ट सहा हजार खात्यांपर्यंत पोहोचली. लाइक आले ५४०. ताई खूश, घरचे खूश. पण सेव्ह झाले ६ आणि शेअर ४. त्या आठवड्यात नवीन ऑर्डर एकही आली नाही.

दुसरी पोस्ट अगदी साधी होती. पांढऱ्या कागदावर भाजणीचं प्रमाण लिहिलेलं. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, मुगाची एक, उडदाची अर्धी, वर धने-जिरे. खाली दोन ओळी: मोहन जास्त झालं तर चकली तेलात सुटते, कमी पडलं तर कडक होते, वाटीभर भाजणीला वाटीभर उकळतं पाणी आणि चमचाभर तेल. ही पोस्ट चार हजार खात्यांपर्यंतच गेली. लाइक १६०. घरात कोणी म्हणालंही असेल की ही काही चालली नाही. पण सेव्ह होते २०० आणि शेअर १२०.

आता हे आकडे असे शेजारी ठेवून चालत नाही, कारण दोन्ही पोस्ट पाहणारे सारखे नव्हते. म्हणून प्रत्येक आकडा पोहोचलेल्या खात्यांनी भागायचा. हजार जणांमागे किती, एवढंच काढायचं. फोटोला हजारामागे ९० लाइक मिळाले आणि सेव्ह झाला एक. प्रमाणाच्या कागदाला हजारामागे ४० लाइक, ५० सेव्ह आणि ३० शेअर. म्हणजे लाइकमध्ये फोटो दुपटीहून पुढे, आणि सेव्हमध्ये पन्नास पटीने मागे.

असं का होतं, हे कळायला या तीन बटणांमागे माणूस काय करतो ते पाहावं लागेल. फेसबुकवर लाइकचं बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आलं. इन्स्टाग्रामवर तर बटणही शोधावं लागत नाही, फोटोवर अंगठा दोनदा टेकवला की लाइक झाला. बसमध्ये उभ्याने, एका हाताने, मजकूर न वाचता तो देता येतो. आणि तो बहुतेक वेळा पोस्टला नसतोच, माणसाला असतो. रस्त्याच्या पलीकडून ओळखीचं कोणी दिसलं की आपण हात वर करतो, तसा. ताईंच्या मावशी, शाळेतल्या मैत्रिणी, भिशीतल्या बायका, या सगळ्यांचे लाइक चकलीला किती आणि ताईंना किती, हे त्यांनाही सांगता येणार नाही. शिवाय लाइक उघड्यावर असतो. दिला तर ताईंना कळतं, नाही दिला तरी कधीकधी कळतं! ओळखपाळख राखण्याचं ते एक साधन झालं आहे, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त ते फराळाच्या मागणीचं माप म्हणून वापरू नये.

सेव्हचं तसं नाही. ही सोय इन्स्टाग्रामने डिसेंबर २०१६ मध्ये दिली. मी एखादी पोस्ट सेव्ह केली तर ती टाकणाऱ्याला फक्त संख्या वाढलेली दिसते, माझं नाव दिसत नाही. म्हणजे इथे कोणाला बरं वाटावं म्हणून काही करण्याचा प्रश्नच उरत नाही. मी सेव्ह करते ते स्वतःसाठी. परवा भाजणी भाजायला घेईन तेव्हा मुगाची डाळ किती, हे मला आठवणार नाही म्हणून. ताटाचा फोटो सेव्ह करून पुढे करायचं काय? तो पाहून झाला की संपला.

शेअर करताना आणखी एक गोष्ट मध्ये येते, ती म्हणजे तिसरा माणूस. नणंदेला पोस्ट पाठवायची तर तिच्या उपयोगाची असायला हवी, नाहीतर ती म्हणेल, काय हे सारखं पाठवत असते. पाठवण्याआधी आपण क्षणभर त्या माणसाचा विचार करतो. तेवढा विचार लाइकच्या वाट्याला येत नाही.

म्हणून लाइक भरपूर आणि बाकीचे दोन आकडे जवळजवळ शून्य, असं दिसलं तर संशय घ्यायला जागा असते. लोकांनी पाहिलं, त्यांना बरं वाटलं, आणि ते पुढे गेले. जवळ ठेवावं किंवा कोणाला द्यावं असं त्यात काही सापडलं नाही.

याचा परिणाम पोस्ट पुढे कोणाला दाखवली जाते यावरही होतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की क्रम लावताना तीन गोष्टींना मोठं वजन असतं: लोक किती वेळ पाहतात, पोहोचलेल्यांपैकी किती जण लाइक करतात, आणि किती जण ते दुसऱ्याला संदेशातून पाठवतात. त्यांनी आणखी एक भेद केला. जे आधीपासून फॉलो करतात त्यांच्यापर्यंत पोहोचताना लाइकचं महत्त्व थोडं जास्त, आणि ज्यांनी तुमचं नावही ऐकलेलं नाही त्यांच्यापर्यंत जाताना पाठवण्याचं महत्त्व जास्त. ताईंच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. फोटो ओळखीच्यांतच फिरला. नवीन गिऱ्हाईक मिळायचं तर ते कागदाच्या वाटेने.

हे पडताळूनही पाहता येतं. खातं व्यावसायिक प्रकारचं करून घेतलं की इनसाइट्स नावाचा भाग दिसतो. तिथे प्रत्येक पोस्टखाली पाहणाऱ्यांपैकी फॉलोअर किती आणि बाहेरचे किती, याची विभागणी असते. फोटोला पाहणारे जवळजवळ सगळे फॉलोअर असतील आणि लाइकचा ढीग असेल, तर तो बराचसा ओळखीच्यांचाच समजावा. दुसरी खूण कमेंटमध्ये असते. फोटोखाली काय असतं? मस्त, तोंडाला पाणी सुटलं, तीन बदाम. कागदाखाली प्रश्न असतात. उडदाची डाळ धुऊन घ्यायची का कोरडीच भाजायची? तांदूळ जुना चालेल का? असा प्रश्न विचारणारी बाई मनाने स्वयंपाकघरात पोहोचलेली असते, आणि यातल्याच काही जणी शेवटी म्हणतात, जाऊ दे, तुमच्याकडूनच अर्धा किलो घेते.

आता इथे थांबून थोडी उलट बाजूही बघायला हवी, कारण हे माप सरसकट लावलं तर चुकतं. प्रत्येक पोस्ट साठवून ठेवण्यासाठी नसते. ताईंनी मुलीच्या बारशाचा फोटो टाकला आणि त्याला पाचशे लाइक आले, सेव्ह एकही नाही, तर त्यात उथळ काय आहे? लोकांना आनंद झाला, त्यांनी तो कळवला, विषय संपला. विनोदाचं उलटं असतं, तो हसून लगेच दुसऱ्याला पाठवला जातो, सेव्ह फारसा होत नाही. पाककृती, प्रमाणं, प्रवासाचे मार्ग, अर्ज भरण्याच्या पायऱ्या हे सेव्ह होणारं सामान. तेव्हा तुलना करायची ती आपल्याच पोस्टशी आणि एकाच जातीच्या पोस्टशी. फोटो फोटोशी, कृती कृतीशी. दुसऱ्याचं खातं पाहून आपलं किती व्हायला हवं हे ठरवणं निरर्थक आहे.

आणि आकडा लहान असेल तर घाई नको. दोनशे जणांनीच पाहिलेल्या पोस्टला दोन सेव्ह आले की चार, यावरून काहीही ठरत नाही. दोन चुलतबहिणी इकडच्या तिकडे झाल्या तरी तो दुप्पट होतो. पाच-सहा पोस्ट एकत्र धरल्या की कल दिसायला लागतो.

सेव्ह आणि शेअर म्हणजे खोल रस, असंही डोळे झाकून धरू नका. सेव्ह केलेलं पुन्हा न उघडणारे आपण बरेच जण आहोत. माझ्या सेव्हमध्ये लोणच्याचे इतके प्रकार आहेत की तेवढ्या बरण्या घरात नाहीत. शेअरचं तर याहून पुढचं आहे. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधली इन्रिया ही संस्था इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ट्विटरवर फिरणाऱ्या बातम्यांच्या लिंक तपासल्या, तेव्हा शेअर झालेल्या लिंकपैकी ५९ टक्के कोणी उघडल्याच नव्हत्या. मथळा वाचला आणि पुढे ढकललं. पुढे जून २०२० मध्ये ट्विटरने लेख न उघडता पुढे पाठवणाऱ्याला ‘आधी वाचायचं का’ असं विचारण्याचा प्रयोगही केला. ‘सेव्ह करा आणि बक्षीस जिंका’ अशी स्पर्धा लावलीत, तर तो आकडा बक्षिसाचा असतो, भाजणीचा नसतो.

शिवाय आपल्याकडे एक मोठी गळती आहे. पुष्कळ जणी पोस्टचा स्क्रीनशॉट काढतात आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात टाकतात. तो सेव्हमध्ये धरला जात नाही, शेअरमध्येही नाही. प्रमाण लिहिलेला कागद तर यासाठी अगदी सोयीचा, एका चित्रात सगळं मावतं. म्हणजे दिसतात त्यापेक्षा खरे शेअर जास्त असण्याची शक्यता आहे, आणि ते किती हे कोणताही तक्ता सांगणार नाही. यावर एक साधा उपाय म्हणजे कागदाच्या कोपऱ्यात खात्याचं नाव ठळक लिहिणं, म्हणजे चित्र कुठेही गेलं तरी पत्ता बरोबर जाईल.

मग ताईंनी फोटो टाकणं बंद करायचं का? मी म्हणेन नाही. फोटोने बोट थांबतं, हे त्याचं काम आहे आणि ते त्याने चोख केलं. पुढच्या वेळी दोन्ही एकाच पोस्टमध्ये घालावं: पहिलं चित्र ताटाचं, सरकवलं की दुसरं प्रमाणाचं, तिसरं बिघडलेल्या चकलीचं आणि ती का बिघडली याचं. मग हजारामागचे सेव्ह मोजावेत आणि नुसत्या कागदाच्या पोस्टशी ताडून पाहावेत. ते खाली आले असतील तर बहुधा लोक पहिल्या चित्रावरच लाइक देऊन निघून जात आहेत, दुसऱ्यापर्यंत सरकतच नाहीत. तसं असेल तर पहिल्याच चित्रावर ‘प्रमाण पुढे आहे’ एवढं लिहून बघावं.

आणि ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवावा. फोन आला की गिऱ्हाइकाला विचारायचं, आमचं नाव कुठे पाहिलंत? उत्तर त्यात लिहायचं: फोटो पाहून, प्रमाणाचा कागद पाहून, कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणून, किंवा ओळखीतून. दिवाळी संपेपर्यंत तो रकाना बराच भरलेला असेल, आणि कोणती पोस्ट चालली हे इनसाइट्सच्या आकड्यांबरोबर त्याच्यावरूनही तपासता येईल.