पडल्यापासून कुठलाच चार्जर घेत नाही, मग चार्जिंग आयसी गेली म्हणायची का?

नमस्कार मंडळी. मी मोबाईल रिपेअरिंग करतो आणि आज ज्या तक्रारीबद्दल बोलणार आहे ती काउंटरवर सारखी येते. फोन हातातून पडला, काच फुटली नाही, कॉल लागतोय, फोटो निघतायत, सगळं झकास, आणि रात्री चार्जिंगला लावला तर काहीच नाही, ना आवाज, ना ते विजेचं चिन्ह. मग घरातले सगळे चार्जर लावून होतात, शेजाऱ्यांचा मागून आणतात, लॅपटॉपला जोडून बघतात, फोन कुणालाच ओळख देत नाही. पहिला दुकानदार फोन न उघडताच सांगतो चार्जिंग आयसी, म्हणजे बॅटरीत करंट ढकलणारी चिप, गेली, दुसरा म्हणतो बोर्डच गेला, नवीन घ्या. या दोघांपैकी कुणी बरोबर असेलही, पण फोन न उघडता, मीटर न लावता ते कळत नाही एवढं मी नक्की सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट करा, ती म्हणजे बॅकअप. फोन चार्ज होत नाहीये म्हणजे आत्ता जी ३०-४० टक्के बॅटरी उरलीये तेवढाच तुमच्याकडे वेळ आहे, आणि लोक तो वेळ चार्जर बदलून बघण्यात आणि यूट्यूबवर उपाय शोधण्यात घालवतात. वायफायवर टाका, फोटो, कॉन्टॅक्ट, व्हॉट्सअॅपचा बॅकअप उरकून घ्या, मग बाकीचं बघू. सॅमसंगच्या बऱ्याच फोनला सेटिंगमध्ये मेंटेनन्स मोड असतो, रिपेअरला देताना तो चालू केला की दुकानदाराला तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत, पण तोही फोन जिवंत असेपर्यंतच चालू करता येतो ना.

आता घरच्या घरी काय कळू शकतं ते बघू. फोन पूर्ण बंद करा आणि चार्जर लावा. बंद फोनवर बॅटरीचं चित्र आलं तर हार्डवेअरचा रस्ता बऱ्यापैकी शाबूत आहे आणि भानगड सॉफ्टवेअरमध्ये असू शकते. नाही आलं तर सॉफ्टवेअर अपडेट, रिसेट वगैरेच्या मागे लागू नका, आणि रिसेट तर अजिबातच नको, डेटा जाईल आणि चार्जिंग काही येणार नाही. दुसरं, तुमच्या फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर पॅडवर ठेवून बघा. त्यावर चार्ज झाला तर बॅटरीत करंट ढकलणारा भाग बहुतेक चांगला आहे आणि दोष जॅकपासून तिथपर्यंतच्या वाटेत आहे, म्हणजे बातमी चांगली. आणि एक फरक लक्षात ठेवा, चिन्ह येतंय पण टक्के वाढत नाहीत किंवा तापमान कमी-जास्त असल्याचा मेसेज येतोय, तर ते प्रकरण वेगळं, त्यात बॅटरीच्या कनेक्टरवरची तापमान सांगणारी पिन सुटलेली असू शकते. आपण आज बोलतोय ते फोन चार्जर ओळखतच नाही त्याबद्दल.

ही ओळख म्हणजे नेमकं काय होतं ते थोडं सांगतो, कारण निदान त्यावरच उभं आहे. टाइप-सी जॅकमध्ये करंट आणणाऱ्या पिना वेगळ्या आणि ओळख पटवणाऱ्या दोन पिना वेगळ्या, त्यांना सीसी-वन, सीसी-टू म्हणतात (दुकानात जॅकलाच सीसी म्हणतात, ते हे नाही). फोन या पिनांवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टन्स दाखवतो, चार्जरला तो दिसला की समोर फोन आहे हे त्याला कळतं आणि मगच दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलमधून ५ व्होल्ट येतात. तो दिसला नाही तर असा चार्जर वीज सोडतच नाही. उलट जुना चौकोनी यूएसबी तोंडाचा चार्जर काही विचारत नाही, त्याच्यावर ५ व्होल्ट कायम असतात, फक्त फोन ते घेतो का नाही एवढाच प्रश्न. म्हणून तीन-चारशे रुपयांचा यूएसबी टेस्टर केबलच्या मध्ये लावला आणि दोन्ही प्रकारचे चार्जर लावून बघितले तर फोन न उघडता अर्धं कोडं सुटतं.

आता एक केस सांगतो. एका कॉलेजच्या मुलीचा फोन, मीडियाटेक प्रोसेसरवाला मिडरेंज, स्कूटरच्या होल्डरमधून रस्त्यावर पडला होता. तिने आधीच दुसऱ्या दुकानात चार्जिंग बोर्ड, म्हणजे जॅक बसवलेला छोटा बोर्ड, बदलून घेतला होता, पैसे गेले, फरक शून्य. मी टेस्टर लावला. चौकोनी चार्जरवर ५.१ व्होल्ट आणि करंट ०.००. केबल उलटी करून लावली, तेच. टाइप-सी चार्जरवर तर व्होल्टच नाही, दोन्ही बाजूंनी. आता बघा, केबल एका बाजूने लावली की चालते आणि उलटी केली की चालत नाही असं असतं तर मी जॅकची एक पिन वाकली म्हणालो असतो. इथे दोन्ही बाजू गेलेल्या, आणि चार्जिंग बोर्ड तर नवीन. मग मी सहज विचारलं, टॉर्च लागतो का गं? तिने लावून बघितला, लागला नाही, आणि पडल्यापासून लागत नाहीये हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

हा टॉर्चचा प्रश्न उगाच नाही. बऱ्याच मीडियाटेक फोनमध्ये एमटी६३६० नावाची चिप असते, ती एकटी चार्जिंग करते, टाइप-सीची ओळख बघते आणि कॅमेऱ्याचा फ्लॅशही चालवते. क्वालकॉमवाल्या काही जुन्या फ्लॅगशिपमध्ये पीएमआय८९९८ असायची, तिच्यातही चार्जिंग आणि फ्लॅश एकत्रच. म्हणजे पडल्यावर चार्जिंग आणि टॉर्च एकदम गेले तर दोन वेगळ्या ठिकाणी बिघाड शोधण्यापेक्षा त्या एका चिपकडे बघायचं.

तरी मी फोन उघडल्यावर आधी वाट तपासली. चार्जिंग बोर्डवरून मेन बोर्डला जाणारी फ्लेक्सची पट्टी असते, तिचा कनेक्टर पडल्यावर अर्धा उचकटतो आणि कित्येक फोन फक्त तो परत दाबून चालू होतात, या मुलीच्या फोनमध्ये मात्र तो घट्ट बसलेला होता. त्याच्यापुढे मेन बोर्डवर एक छोटी चिप असते, जास्त व्होल्टेज आलं तर अडवणारी, ओव्हीपी म्हणतात. तिच्या आत येणाऱ्या बाजूला ५ व्होल्ट आणि बाहेर शून्य असेल तर दोष तिचा, आणि इथेच बरेच जण गल्लत करतात, ओव्हीपी गेलेली असते आणि नाव चार्जिंग आयसीचं लागतं. इथे दोन्हीकडे ५ व्होल्ट होते. म्हणजे वीज चार्जिंग चिपच्या दारापर्यंत येत होती, पुढे जात नव्हती. मग वरचा पत्रा काढून चिपचा एक कोपरा प्लॅस्टिकच्या काडीने हलका दाबला, तर टेस्टरवर करंट एकदम ०.४५ वर गेला आणि स्क्रीनवर चिन्ह आलं. काडी उचलली, परत शून्य.

म्हणजे चिप मेलेली नव्हतीच. अशा चिपला बाजूला पाय नसतात, खाली डाळीच्या दाण्याहूनही बारीक सोल्डरचे गोळे असतात आणि त्यांच्यावरच ती बोर्डाला चिकटलेली असते. फोन पडतो तेव्हा बोर्ड क्षणभर वाकतो, चिप वाकत नाही, आणि त्या ओढाताणीत कोपऱ्यातले गोळे आधी तडकतात. म्हणून पडलेल्या फोनमध्ये जोड सुटलेला सापडतो. पाण्यात पडलेला किंवा खराब चार्जरने झटका बसलेला फोन असेल तर गोष्ट वेगळी, तिथे चिप आतून शॉर्ट झालेली असते, चार्जर लावला की टेस्टरच बंद पडतो किंवा चिप बोटाला चटका देते.

आता मूळ प्रश्न, हे दुरुस्त होतं का? होतं, पण ते काम सोल्डरिंग गन घेऊन करायचं नाही. बोर्ड फोनमधून पूर्ण बाहेर काढायचा, बॅटरी बाजूला, चिपच्या भोवती काळी गोंदासारखी अंडरफिल असेल तर ती आधी मंद आचेवर खरवडायची, मग फ्लक्स लावून हॉट एअरने चिप उचलायची. कंपनीचं शिशाविना सोल्डर २१७ अंशाच्या आसपास वितळतं, पण बोर्ड उष्णता पिऊन टाकतो म्हणून मशीन त्याहून बरंच वर ठेवावं लागतं, आणि शेजारी प्रोसेसर असेल तर तिथेच खरी भीती असते, कारण तो हलला तर फोन कायमचा गेला. नुसती वरून हवा मारून चिप बसवायची, ज्याला काही जण हीट देणं म्हणतात, ते मी करत नाही, तडकलेला जोड तात्पुरता चिकटतो आणि काही दिवसांनी गिऱ्हाईक परत दारात. चिप काढून, खालचे पॅड, म्हणजे बोर्डावर गोळे जिथे चिकटतात ते ठिपके, साफ करून, नवीन गोळे बसवून किंवा नवीन चिपच लावून काम केलं तरच ते टिकतं. या फोनचा एक पॅड चिपबरोबर उपटून आला होता, तिथे केसाहून बारीक तांब्याची तार ओढून वर यूव्ही लाइटने सुकणारा मास्क लावला. चार्जिंग आलं, टॉर्चही आला.

कुठे नाही होत तेही सांगतो. बोर्ड वाकून आतल्या थरातली ट्रेस, म्हणजे तांब्याची बारीक वाट, तुटली असेल, कारण बोर्डाला बरेच थर असतात आणि आतलं दिसत नाही. आधी कुणीतरी हीट देऊन पॅड जाळले असतील. किंवा बोर्ड दोन मजली असेल, हल्लीच्या महागड्या फोनला असतो तसा, तर वरचा मजला सोडवण्यातच अर्धी जोखीम. अशा वेळी मी सांगतो की डेटा काढण्यापुरता प्रयत्न करू, रोजच्या वापराची गॅरंटी नाही.

खर्चाचं म्हणाल तर फ्लेक्स किंवा चार्जिंग बोर्डचं काम काहीशे रुपयांत होतं आणि चिपचं काम दीड-तीन हजारांच्या घरात जातं, फोन कुठला त्यावर. सहा हजारांना विकला जाईल अशा फोनवर तीन हजार घालायचे का ते तुम्ही ठरवा, फोटो अडकले असतील तर लोक घालतात. दुकानदाराला एकच विचारा, ५ व्होल्ट कुठपर्यंत येतायत? ज्याने मोजलंय तो लगेच सांगेल. आणि सॉफ्टवेअर मारून बघतो म्हणाला तर थांबवा, सॉफ्टवेअर परत टाकल्याने डेटा पुसला जाऊ शकतो, चिपच्या कामाला मात्र मेमरीला हात लावावा लागत नाही, त्यामुळे डेटा जागेवर राहतो.

फोन परत घेताना तिथेच टेस्टर लावून बघा, केबल सरळ आणि उलटी, दोन्ही प्रकारच्या चार्जरवर. बॅटरी उतरलेली असताना करंट एक अँपिअरच्या वर गेला पाहिजे, ०.१ वर अडकला असेल तर काम अजून झालेलं नाही. लॅपटॉपला जोडून फाइली दिसतात का बघा, टॉर्च लावून बघा. आणि तिथेच अर्धा तास बसून चार्जिंग होऊ द्या.