पत्र्याखाली दुपारचे दोन

मे महिना, दुपारचे दोन, राहाता तालुक्यातला हा गोठा. बाहेर ४१ डिग्री. आठ एचएफ क्रॉस गायी, वर साधा पत्रा, गव्हाणीत सकाळी अकराला टाकलेला कडबा अजून तसाच पडलाय. आणि बघा, ही खरं तर बसून रवंथ करायची वेळ, पण एकही गाय बसलेली नाही. उभं राहिलं की अंगाला चारी बाजूंनी वारा लागतो ना, म्हणून.

आता या दुसऱ्या गायीची कूस बघा, कशी भात्यासारखी हलतेय. मोबाईलमध्ये अर्ध्या मिनिटाचा टायमर लावायचा, कूस किती वेळा वर येते ते मोजायचं आणि डबल करायचं. निवांत गाय मिनिटाला साधारण २० ते ३० श्वास घेते, ६० च्या वर गेली की उन्हाचा ताण पक्का समजा. हिचे अर्ध्या मिनिटात ४१ भरले, म्हणजे ८२. लांबून तर गाय चांगली दिसत होती, म्हणून सांगतो, नुसतं बघू नका, मोजा.

हीच गाय एप्रिलच्या सुरुवातीला सोळा लिटर द्यायची, आता बारावर आलीय, आणि डेअरीत फॅट पण ३.८ वरून ३.३ वर. मालक म्हणतात दूध कमी होणार हे कळतं, पण फॅट का पडावी? तर धापा टाकून टाकून रक्ताचं गणित बिघडतं, लाळेतला सोडा कमी पडतो, त्यातली बरीच लाळ तोंडातून गळून जाते, वर गाय वैरण सोडून नुसतं खाद्य चाटते, मग पोटात आंबटपणा वाढतो आणि फॅट खाली येते. म्हणून इथे प्रत्येक गायीला रोज ५० ते १०० ग्रॅम खायचा सोडा खाद्यात मिसळून चालू केलाय, जोडीला मीठ आणि मिनरल मिक्श्चर.

पण मेन गोष्ट वैरणीच्या टायमिंगची. गायीला उष्णता फक्त वरून मिळत नाही, पोटात वैरण कुजताना आतूनही तयार होते, आणि ती खाल्ल्यावर काही तासांनी वाढते. म्हणजे अकराचा कडबा नेमका भर दुपारी अंगात तापणार! आता इथे पहाटे पाचला आणि रात्री आठनंतर मिळून पाऊण वैरण देतात, दुपारी फक्त थोडा हिरवा मका नाहीतर मुरघास. खाद्य मात्र एकदम वाढवायचं नाही, दूध कमी झालं म्हणून पेंड वाढवली की आंबटपणा अजून वाढतो, ही चूक बऱ्याच गोठ्यात होते.

पाण्याचं बघा. टाकी काळी, पाईप काळा, दोन्ही उन्हात. नळ सोडला की पहिलं पाणी हाताला चटका देतं. गाय तोंड लावते आणि मागे सरकते. दुभत्या गायीला या दिवसात शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं, ती गरम पाणी कशाला पिईल? टाकीवर ओलं गोणपाट आणि शेडनेट टाकलं, पाईप मातीत गाडला, हौद सावलीत आणला. एवढं केल्यावर पाणी गार राहायला लागलं.

आता पत्रा. बाहेरून चुना मारला, वर उसाच्या पाचटाचा जाड थर दिला, त्याखालून वायर जात नाही ना ते बघूनच. पश्चिमेला शेडनेट लावलं, पण खालून तीन फूट मोकळं सोडून. गोणपाटाचे पडदे सगळीकडून बांधून पाणी मारलं तर आत दमट होतं, घाम सुकतच नाही, त्यापेक्षा न मारलेलं बरं. कोकणासारख्या दमट भागात तर नुसत्या फॉगरच्या भरवशावर राहूच नका. पाणी मारायचं तर अंग कातडीपर्यंत भिजेल एवढं मिनिट दोन मिनिट मारा, मग दहा पंधरा मिनिटं फॅन चालू. कास भिजू द्यायची नाही, ओल्या कासेने गाय खाली बसली की मस्टायटिसला आमंत्रण.

म्हशीचं वेगळं आहे, कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी, तिला डुंबायला हौद नाहीतर दुपारी दोन तीन वेळा भरपूर पाणी लागतंच लागतं.

एवढं करूनही एखादी गाय तोंड उघडून जीभ बाहेर काढून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, ताप १०४ च्या वर असेल, तर डॉक्टरांना लगेच फोन लावा, ते येईपर्यंत झाडाच्या सावलीत न्या, डोक्यावर आणि मानेवर गार पाणी सोडत राहा, आणि जबरदस्तीने पाणी पाजू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं.