आधी हात, मग मस्तक

(दृश्य: मुंबईतलं एक घर. खिडकीशी उभे आजोबा. शेजारी तेरा वर्षांचा नातू. टेबलावर मखमली पिशवी.)

निवेदन :

बाहेर उजाडलं आहे. ज्यू धर्मशास्त्रात या घटकेची खूण अशी सांगितली आहे : ओळखीचा माणूस चार हातांवरून ओळखू येऊ लागला की तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेसाठी हाताला आणि डोक्याला बांधायच्या डब्या, बांधायला हरकत नाही. त्याआधी नाही.

हे घर बेने इस्रायल कुटुंबाचं आहे. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे हे ज्यू. समाजाची परंपरा सांगते की, बाकीच्या ज्यू जगाशी संबंध तुटला होता त्या काळात हिब्रू प्रार्थना जवळजवळ सगळ्या विसरल्या गेल्या. ओठांवर राहिलं ते एकच वाक्य. ‘शेमा इस्राएल’ – हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे. पुढे कोचीनहून शिक्षक आले, 1796 मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, उभं राहिलं, आणि मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंची सेफार्दी प्रार्थनापद्धत इथे रुजली. आज नातू जे शिकतो आहे, ते याच पद्धतीनं.

(दृश्य: पिशवीतून काढलेल्या दोन काळ्या चौकोनी डब्या, जवळून.)

चामड्याच्या या दोन डब्या. एक हाताची, एक डोक्याची. दोन्हींत तोरा या ज्यू धर्मग्रंथाचे तेच चार उतारे चर्मपत्रावर शाईनं लिहिलेले आहेत : दोन ‘निर्गम’ या पुस्तकातले, दोन ‘अनुवाद’ या पुस्तकातले. त्यांतल्या एका उताऱ्याची सुरुवातच ‘शेमा इस्राएल’नं होते. कोकणातल्या घराघरांत जे वाक्य तोंडी टिकलं, तेच या डबीत लिहिलेलं आहे. हाताच्या डबीत चारही उतारे एकाच पट्टीवर असतात. डोक्याच्या डबीत चार कप्पे, प्रत्येकात वेगळी पट्टी.

लिहिणाऱ्याला अक्षरांचा क्रम मोडता येत नाही. एखादं अक्षर राहून गेलं आणि पुढचा मजकूर लिहून झाला, तर मागे जाऊन ते भरता येत नाही. तोराच्या गुंडाळीत अशी दुरुस्ती चालते, इथे चालत नाही. दमटपणानं एका अक्षराला तडा गेला तरी तेफिलीन बाद होऊ शकतं, आणि बाहेरून ते कळतही नाही. म्हणून अधूनमधून डबी उसवून जाणकाराकडून तपासून घेतात.

(दृश्य: आजोबा तालीत पांघरतात. मग डावी बाही वर सारतात. घड्याळ काढून ठेवतात.)

आधी झालरींची शाल, तालीत. मग हात. उजव्या हातानं काम करणारा डाव्या दंडावर बांधतो, डावखुरा उजव्या. कातडीला डबी थेट टेकली पाहिजे, म्हणून बाही वर आणि पट्ट्याच्या वाटेतलं घड्याळ बाजूला.

आजोबा डबी दंडाच्या फुगीर भागावर ठेवतात, छातीकडे थोडी कललेली. हात खाली सोडला की ती हृदयाच्या शेजारी येते. पट्टा फासातून गेला आहे, पण अजून सैल आहे. आशीर्वचन म्हणायचं ते नेमकं या क्षणी : डबी ठेवल्यावर, पण आवळण्याआधी.

(आजोबांचा आवाज) ‘बारूख अता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर किद्दशानू बेमित्स्वोताव, वेत्सिवानू लेहानिआख तेफिलीन.’

हे प्रभो, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, तू धन्य आहेस. आपल्या आज्ञांनी तू आम्हांला पवित्र केलंस आणि तेफिलीन धारण करायला सांगितलंस.

आता पट्टा आवळला जातो. कोपराखाली मनगटापर्यंत सात वेढे. सेफार्दी हात पट्टा शरीरापासून बाहेरच्या बाजूला फिरवतो. युरोपातून आलेले अश्केनाझी बहुधा आतल्या बाजूला. पट्ट्याची काळी बाजू सतत वर राहिली पाहिजे. नातवाचा पट्टा चौथ्या वेढ्याला उलटतो. तो आजोबांकडे पाहतो. आजोबा काही बोलत नाहीत, फक्त बोटानं दाखवतात.

ते बोलत नाहीत, याला कारण आहे. सेफार्दी पद्धतीत एकच आशीर्वचन हात आणि डोकं दोघांनाही पुरतं. मध्ये इकडचं तिकडचं बोलणं झालं, तर ते तुटतं, आणि डोक्यासाठी वेगळं आशीर्वचन म्हणावं लागतं. अश्केनाझी लोक ते दुसरं आशीर्वचन रोजच म्हणतात, पण मध्ये बोलणं त्यांनाही वर्ज्य. ताल्मुद हा ज्यू धर्मनियमांचा प्राचीन ग्रंथ याबाबत फार कडक आहे : दोन तेफिलीनांच्या मध्ये जो बोलला, त्याच्या हातून पाप घडलं, आणि त्या पापापायी तो रणभूमीवरून माघारी फिरतो. मला या नियमात शिक्षेपेक्षा जपणूक जास्त दिसते. एका वाक्याचं बळ दोन कृतींना पुरवायचं, तर मधली जागा राखावीच लागते.

म्हणूनच उरलेला पट्टा बोटांवर न गुंडाळता नुसता तळहाताभोवती घेतात. बोटं नंतर. आता डोकं.

(दृश्य: नातू डोक्याची डबी घालतो. ती कपाळावर उतरते.)

सर्वांत जास्त होणारी चूक ती हीच. तोराच्या वचनात शब्द आहेत ‘तुझ्या डोळ्यांच्या मध्ये’, म्हणून माणूस डबी खाली ओढतो. परंपरेनं त्याचा अर्थ असा ठरवला आहे : डोळ्यांच्या मधोमध रेषेत, पण केस उगवतात तिथून वर. टक्कल पडलं असेल तर मूळ केस जिथून सुरू होत होते ती जागा धरायची. डबीची खालची कड कपाळाच्या उघड्या कातडीवर आली, तर तेफिलीन बांधलंच नाही असं होतं. आजोबा डबी वर सरकवतात, मागची गाठ कवटीच्या तळाशी, मानेच्या खळग्यावर बसवतात. पट्टा डोक्यापेक्षा मोठा असला की डबी पुन्हा घसरते. तेव्हा सारखी वर ढकलत न बसता गाठच लहान करून घ्यायची. पट्ट्यांची दोन टोकं खांद्यांवरून पुढे सोडली जातात.

(दृश्य: डाव्या हाताचं मधलं बोट.)

आता बोटाचे तीन वेढे. मधल्या बोटाच्या खालच्या पेरावर दोन, मधल्या पेरावर एक. आणि त्यांच्याबरोबर होशेय संदेष्ट्याची वचनं :

(नातवाचा आवाज, मराठीत) ‘मी तुझ्याशी कायमची सोयरीक करीन. नीतीनं आणि न्यायानं, ममतेनं आणि करुणेनं मी तुझ्याशी सोयरीक करीन. निष्ठेनं मी तुझ्याशी सोयरीक करीन, आणि तू परमेश्वराला ओळखशील.’

‘सोयरीक करीन’ तीन वेळा, वेढेही तीन. देव इस्राएलाला वधू मानून बोलतो आहे आणि पट्टा बोटावर चढतो आहे. इतका वेळ सारं आज्ञेच्या भाषेत चाललं होतं. इथे ते लग्नाच्या भाषेत येतं. सगळ्या विधीत मला हीच जागा सर्वांत जवळची वाटते.

(दृश्य: प्रार्थना सुरू आहे.)

शेमा म्हणताना ‘खूण म्हणून आपल्या हाताला बांध’ या शब्दांवर नातू दंडाच्या डबीला स्पर्श करतो, ‘डोळ्यांच्या मध्ये’ या शब्दांवर डोक्याच्या, आणि दर वेळी बोटं ओठांना लावतो. वचनात हात आधी, डोळे नंतर. बांधण्याचा क्रम तिथूनच आला आहे.

उतरवताना तो उलटा. आधी बोटाचे वेढे सुटतात, मग डोक्याची डबी निघते, हाताची सर्वांत शेवटी. ताल्मुदाचं म्हणणं असं की, जोवर डोळ्यांच्या मध्ये तेफिलीन आहे तोवर दोन्ही असली पाहिजेत. डोक्याची एकटी मागे राहता कामा नये.

उद्या शनिवार. शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, स्वतःच खूण आहे, दुसरी लागत नाही; पिशवी रविवारीच उघडेल. ती भरतानाही आजोबा नातवाला एक गोष्ट दाखवतात : हाताची डबी अशी ठेवायची की पुढच्या वेळी तीच आधी हाताला लागेल. डोक्याची आधी हाती आली, तर तिला बाजूला सारून हाताची शोधावी लागेल, आणि समोर आलेलं कर्तव्य ओलांडून पुढे जाऊ नये असा नियम आहे.