कबाब सळईवरून का गळतो

(परळ. दुपार. चाळीतलं स्वयंपाकघर.)

मोहम्मद अली रोडवर सिगडीवरचा कबाब अधांतरी भाजतो. सळई दोन्ही कडांना टेकलेली, खाली कोळसा, मध्ये मोकळी हवा. वहिनीच्या बिडाच्या तव्यावर मात्र मांस थेट लोखंडावर बसतं.

गेल्या रविवारी तिचा कबाब गळून पडला होता. खिमा मांडीचा, चरबी निवडून काढलेली, त्यात किसलेला कांदा न पिळता घातलेला. तव्यावर आधी पाणी सुटलं, मग खिमा फुटला, आणि उरला तो कोरडा भुगा.

आज तिने मटणवाल्याला सांगितलं, "दादा, चारशे ग्रॅम मांडीचं आणि शंभर ग्रॅम चरबी, दोन्ही एकत्र दोनदा मशीनमधून काढा." म्हणजे पाचवा हिस्सा चरबी. भाजताना ती वितळते आणि खिमा रसरशीत ठेवते. कांदा तिने फडक्यात घट्ट पिळला.

आता हात बघा. मीठ घालून ती खिमा पाच-सहा मिनिटं मळते आहे. मिठाने मांसातली प्रथिनं सुटतात आणि खिमा चिकट होतो. तळहाताला लावून हात उलटा केला, तरी गोळा पडत नाही. इथवर आल्यावर तो तासभर फ्रिजमध्ये, कारण हाताच्या उबेने चरबी मऊ पडली की आकार टिकत नाही.

सळई चपटी हवी. गोल, बारीक सळईवर खिमा घट्ट बसत नाही. सळई फिरते, कबाब नाही. ओल्या हाताने ती बोटभर जाड थर चढवते, सगळीकडे सारखा. पातळ झाला तर बाहेरून भाजेपर्यंत आतून वाळतो. जाड झाला तर बाहेर करपतो नि आत कच्चा राहतो. मग ती सळई अलगद ओढून काढते आणि पोकळ नळीच तव्यावर ठेवते. लांब सळई तव्याच्या काठावर अडली असती आणि मांस वर उचललं गेलं असतं.

तवा चांगला तापलेला, आच मध्यम, तेल चमचाभर. पुढची दोन मिनिटं हात लावायचा नाही. मला ही दोन मिनिटं सगळ्यात कठीण वाटतात. खालची बाजू भाजली की कबाब आपोआप सुटतो. चिमट्याने हलवून पाहा, ओढ लागली तर अजून थांबा. मग पाव-पाव वळण देत चारही बाजू. एकूण आठ-दहा मिनिटं.

ओव्हन असेल तर सळई काढू नका. खोल ट्रेच्या दोन कडांवर ती आडवी टेकवा, मांस पुन्हा अधांतरी. वरचा ग्रिल दहा मिनिटं आधी तापवा आणि ट्रेमध्ये थोडं पाणी ओता, नाहीतर ठिबकलेली चरबी जळून घरभर धूर होतो. इथे आच फक्त वरून येते, म्हणून दर तीन मिनिटांनी सळई फिरवत राहायची.

वहिनीने एक कबाब मोडला. आत गुलाबी काही नाही, आणि बोटांवर रस उतरला आहे.