नऊ हजार शंभरचा फरक

(दादर येथे छोट्या व्यावसायिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पैसे जमा झाले की बँकेच्या स्टेटमेंटवर एक रक्कम आणि त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर दिसतो. त्यात कुठली बिलं आली, किती कापलं आणि का, हे पैसे देणारा ग्राहक पाठवतो त्या रेमिटन्स अॅडव्हाइसच्या मेलवरूनच कळतं. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ.

अंधेरीत एसी देखभालीचं काम करणारी एक भागीदारी फर्म आहे असं समजा. तिची तीन बिलं: 41 नंबरचं 59,000 रुपयांचं, 44 नंबरचं 94,400 चं, 47 नंबरचं 35,400 चं. एकूण 1,88,800. त्यात काम 1,60,000 चं, बाकीचा 18 टक्के जीएसटी. बँकेत आले 1,79,700. मेल नाही. मग अकाउंटंट काय करणार? जुन्या बिलापासून रक्कम वळती करत जाणार. 41 आणि 44 मिटली, 47 वर 9,100 बाकी. त्या बाकीसाठी फोन सुरू होतात, आणि समोरच्याच्या हिशेबात तिन्ही बिलं केव्हाच बंद झालेली असतात!

या 9,100 मध्ये दोन अगदी वेगळ्या कपाती आहेत. पहिली 3,200 ची, म्हणजे 2 टक्के टीडीएस, ग्राहकाने फर्मच्या नावे आधीच कापून सरकारकडे भरलेला आयकर. तो 1,60,000 वरच. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापत नाहीत. मेलमध्ये 3,776 दिसले, तर जीएसटीसकट रकमेवर कापलाय असं ओळखा आणि लगेच कळवा. टीडीएसचे पैसे बुडालेले नसतात. ग्राहकाने तिमाही विवरण भरलं की ते फर्मच्या पॅनवर 26एएस या आयकर खात्याच्या पत्रकात दिसतात.

दुसरी कपात 5,900 ची. 44 नंबरच्या बिलातल्या दोन मशिनचं सर्व्हिसिंग झालंच नव्हतं, म्हणून ग्राहकाने डेबिट नोट काढली: 5,000 काम आणि 900 जीएसटी. खरी गोम इथे आहे. ग्राहकाच्या डेबिट नोटने फर्मचा जीएसटी कमी होत नाही. त्यासाठी फर्मने स्वतः क्रेडिट नोट काढून आपल्या रिटर्नमध्ये दाखवावी लागते, आणि त्याला मुदत असते: फार तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा 30 नोव्हेंबर. नाहीतर न मिळालेल्या पैशांवरचे 900 फर्मच्या खिशातून गेले. म्हणून मेलमध्ये डेबिट नोटचा नंबर, तारीख, कारण, आणि काम व कर वेगवेगळे हवेत. नुसतं ‘इतर कपात 9,100’ लिहिणारी मंडळी असतात. त्यांना तोच मेल परत पाठवून फोड मागावी, संकोच करू नये.

कुणी विचारेल, त्या 5,000 वरच्या 100 रुपये टीडीएसचं काय? तो बिल खात्यात नोंदवतानाच कापला गेला होता, डेबिट नोट नंतर आली. तो 26एएसमध्ये तसाच राहतो आणि फर्मला त्याचं क्रेडिट मिळतं.

आणि हा मेल मालकाच्या पत्त्यावर एकट्याला नको, हिशेब लिहिणाऱ्यालाही जाऊ द्या. मालक तो लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचतात.