शिरवाडकर, व्ही. व्ही.

नाशिकचा कॉलेज रोड. हे एच.पी.टी. कॉलेज. 1924 साली सुरू झालेलं. कुसुमाग्रज इथेच शिकले आणि 1934 मध्ये बी.ए. झाले, असं त्यांच्या चरित्रात वाचायला मिळतं. हे निकालाच्या यादीत ताडून कसं पाहायचं?

निकालाच्या यादीत 'कुसुमाग्रज' शोधून काहीच हाती लागणार नाही. ते टोपणनाव. जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काका वामन यांनी दत्तक घेतल्यावर ते विष्णू वामन झाले. त्यामुळे शोधायचं ते 'शिरवाडकर, व्ही. व्ही.' हे नाव. यादी इंग्रजीत असते, म्हणून Shirwadkar आणि Shirvadkar, दोन्ही स्पेलिंग पाहायची. शाळेच्या कागदात 'जी. आर.' दिसलं, तर तो दुसरा मुलगा समजून पुढे जायचं नाही.

आता वर्षांचा हिशोब. त्या काळी मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी इंटर, आणि इंटरनंतर दोन वर्षांनी बी.ए. म्हणजे 1934 मधून मागे या. इंटर 1932, मॅट्रिक 1930. बी.ए.चं साल खरं असेल, तर इंटरच्या उत्तीर्णांत त्यांचं नाव 1932 पर्यंत आलेलंच असलं पाहिजे. ते 1933 च्या यादीत सापडलं, तर दोनपैकी एक साल चुकलंय. मग पदवीधरांची 1935 ची यादीही उघडायची.

हे 1932 साल मला फार मोलाचं वाटतं. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीचा सत्याग्रह 1930 च्या मार्चमध्ये सुरू झाला होता. विशीतले शिरवाडकर 1932 मध्ये त्यात उतरले. म्हणजे इंटरचं वर्ष आणि सत्याग्रह, दोन्ही एकाच वेळी.

नाव सापडलं की लगेच क्रमांक सांगायची घाई होते. थांबा. त्या गटाचं शीर्षक वाचा. नावं गुणानुक्रमे आहेत की अक्षरानुक्रमे? अक्षरानुक्रमे असतील, तर शिरवाडकर खाली असणारच, त्यांचं इंग्रजी आडनाव 'एस'ने सुरू होतं. त्या यादीतून वर्ग कळेल: पहिला, दुसरा की नुसता पास. क्रमांक नाही.

आणि नाव मिळालंच नाही तर? उत्तीर्णांची यादी नापासांबद्दल गप्प असते. मुलगा नापास झाला, परीक्षेला बसलाच नाही, की दुसऱ्या कॉलेजातून बसला, यादीत तिन्ही सारखेच: नाव नाही. 'शिक्षण सोडलं' असं लिहायला कॉलेजचं जनरल रजिस्टर लागतं. प्रवेशाची तारीख, नाव कमी केल्याची तारीख, शेरा. तिथेही आधी नाव बघा: वडिलांच्या जागी रंगनाथ लिहिलंय की वामन.